आयात मालाची लँडेड कॉस्ट: भाडं, ड्युटी आणि क्लिअरिंगचा खर्च कोणत्या नगावर किती टाकायचा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीचं साहित्य विकणारा एक दुकानदार घेऊ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोटी किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्त होतात आणि नव्या हंगामासाठी फ्लोट, शॅकल, पंप यांची खरेदी होते. त्यामुळे याचा माल जूनच्या आत दुकानात हवा. आतापर्यंत तो मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घ्यायचा, यंदा त्याने चीनमधून थेट मागवला. एक कंटेनर भरेल एवढा माल नाही, म्हणून इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये, म्हणजे एलसीएलने. असा सुटा माल साधारणपणे न्हावा शेवाला उतरतो आणि तिथून ट्रकने मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरीला येतो.

माल आला, सगळी बिलं आली आणि प्रश्न उभा राहिला की एक फ्लोट दुकानात येईपर्यंत कितीला पडला, म्हणजे त्याची लँडेड कॉस्ट किती. बहुतेक जण याचं उत्तर असं काढतात: एकूण खर्च भागिले मालाची किंमत. बावीस-तेवीस टक्के आले, की प्रत्येक वस्तूच्या खरेदी किमतीवर तेवढे टक्के चढवायचे. एकाच प्रकारचा माल असेल तर हे चालतं. तीन वेगवेगळ्या वस्तू एका खेपेत आल्या, की या पद्धतीने एक वस्तू तोट्यात विकली जाते आणि दुसरी उगाच महाग होऊन पडून राहते. दुकानाचा एकूण हिशोब जुळत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. म्हणून या लेखाचा भर खर्च वाटण्यावर आहे. जो खर्च ज्या कारणाने झाला, त्याच मापाने तो वाटायचा.

खेप अशी आहे

आकडे हिशोब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. ड्युटीचे दरही तसेच धरलेले आहेत. तुमच्या वस्तूचा दर तिच्या एचएसएन कोडवरून, ऑर्डर देण्याआधी, क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या. त्याच वेळी त्या वस्तूला बीआयएसचं किंवा दुसरं कुठलं प्रमाणपत्र लागतं का, हेही विचारा. ते नसेल तर माल बंदरातच अडतो आणि मग पुढचा कुठलाच हिशोब कामाचा राहत नाही.

प्लास्टिकचे फ्लोट ४,००० नग, दर ०.६० डॉलर, म्हणजे २,४०० डॉलर. व्याप ६ सीबीएम, म्हणजे सहा घनमीटर. लोखंडी शॅकल २,००० नग, दर १.८० डॉलर, एकूण ३,६०० डॉलर, व्याप फक्त ०.८ सीबीएम. बोटीतलं पाणी उपसायचे बिल्ज पंप २०० नग, दर ३० डॉलर, एकूण ६,००० डॉलर, व्याप १.२ सीबीएम. सगळं मिळून १२,००० डॉलर आणि ८ सीबीएम. वजन साधारण दोन टन.

किमतीत फ्लोटचा वाटा २० टक्के आहे, पण जागेत त्याचा वाटा ७५ टक्के आहे. फ्लोट म्हणजे आत हवा असलेलं प्लास्टिक, ते जागा खाणारच. पुढचा सगळा फरक या दोन टक्केवाऱ्यांमधून येतो.

पहिली पायरी: रुपयात आणताना दोन वेगळे दर

डॉलरचे रुपये करताना दोन दर लागतात आणि त्यांची गल्लत करू नये. ड्युटी मोजायला कस्टम्सने जाहीर केलेला आयातीचा दर लागतो, आणि तोही बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण, दाखल केली त्या दिवशी लागू असलेला. मालाची किंमत धरायला मात्र बँकेने तुमच्या खात्यातून प्रत्यक्ष ज्या दराने पैसे वळते केले तो दर. आपण कस्टम्सचा दर ९० रुपये आणि बँकेचा ८९ रुपये धरू.

पैसे दोन हप्त्यांत गेले असतील, तर सरासरी रकमेच्या प्रमाणात काढा. ३० टक्के आगाऊ ८८.३० ने आणि ७० टक्के माल निघण्याआधी ८९.३० ने गेले, तर दर ८९ येतो. दोन्ही दरांची साधी बेरीज करून निम्मं केलं तर ८८.८० येईल आणि ते चूक. उधारीवर माल घेतला असेल, तर माल खरेदीत धरला त्या दिवसाचा दर कायम ठेवा. नंतर पैसे भरताना डॉलर वरखाली झाला, तर तो फरक विनिमय नफा-तोट्याच्या खात्यात जातो. तो फ्लोटच्या किमतीत घुसवायचा नाही.

दुसरी पायरी: ड्युटी

भारतात ड्युटी मालाच्या किमतीवर नव्हे, तर माल अधिक समुद्री भाडं अधिक विमा, या सीआयएफ मूल्यावर लागते. आपल्या खेपेत भाडं ४० डॉलर प्रति सीबीएम, म्हणजे ३२० डॉलर, आणि विमा ८० डॉलर. एकूण १२,४०० डॉलर, कस्टम्सच्या ९० च्या दराने ११,१६,००० रुपये. पूर्वी यावर एक टक्का लँडिंग चार्ज धरत, तो सप्टेंबर २०१७ पासून नाही. जुन्या एक्सेल शीटमध्ये तो अजून असेल, तर काढून टाका.

भाड्याचा आणि विम्याचा कागद हातात ठेवा. भाडं ठरवता येत नसेल, तर मूल्यांकनाच्या नियमांप्रमाणे मालाच्या एफओबी, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या, किमतीच्या २० टक्के भाडं धरलं जातं आणि विम्यापोटी १.१२५ टक्के. आपल्या बाबतीत २० टक्के म्हणजे २,४०० डॉलर झाले असते, खरं भाडं ३२० असताना. एक पावती वेळेवर न दिल्यामुळे एवढ्या वाढीव रकमेवर ड्युटी बसते.

बिल ऑफ एंट्रीत भाडं आणि विमा वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात वाटले जातात. म्हणून फ्लोटचं मूल्य २,२३,२०० रुपये, शॅकलचं ३,३४,८०० आणि पंपांचं ५,५८,००० धरलं जाईल. बेसिक ड्युटी अनुक्रमे १०, १५ आणि ७.५ टक्के धरली आणि त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज लावला, तर फ्लोटवर २४,५५२, शॅकलवर ५५,२४२ आणि पंपांवर ४६,०३५ रुपये येतात. एकूण १,२५,८२९.

ही ड्युटी स्वतः वाटत बसायचं कारण नाही. बिल ऑफ एंट्रीत ती वस्तूवार छापलेली असते, ती तशीच उचलायची. एकूण ड्युटी घेऊन ती पुन्हा किमतीच्या प्रमाणात पसरली, तर जास्त दराच्या शॅकलची ड्युटी पंपांच्या डोक्यावर जाते.

मूल्य आणि ही ड्युटी मिळून १२,४१,८२९ रुपये. त्यावर १८ टक्के आयजीएसटी २,२३,५२९ रुपये. हा तुम्हाला बंदरात भरावा लागतो, पण नेहमीच्या जीएसटी नोंदणीवर विक्री करत असाल तर तो इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो. म्हणून तो लँडेड कॉस्टमध्ये येत नाही. क्लिअरिंग एजंट, सीएफएस म्हणजे बंदराजवळचं कंटेनर उघडण्याचं गोदाम, आणि वाहतूकदार यांच्या बिलांवरच्या ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यालाही हेच लागू. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला मात्र क्रेडिट नाही. त्याच्यासाठी आयजीएसटी हा खर्चच आहे आणि फ्लोटमागे तो एकटाच ११ रुपयांहून जास्त पडतो. स्पर्धक कंपोझिशनमध्ये नाही आणि आपण आहोत, तर थेट आयात करण्याआधी या एका आकड्यावर नीट विचार करा.

किमतीत नसला, तरी तो पैसा हातात असावा लागतो. इथे बंदरात एकूण ३,४९,३५८ रुपये भरायचे आहेत, आणि तेही हंगामाच्या तोंडावर, दुकानातला पैसा मालात अडकलेला असताना.

तिसरी पायरी: बंदरातली बिलं वाचणं

एलसीएलमध्ये नवख्या माणसाला सर्वात मोठा धक्का इथे बसतो. समुद्री भाडं कमी सांगितलेलं असतं, कधी कधी जवळजवळ फुकट. वसुली मात्र इकडे, माल उतरल्यावर होते. टर्मिनल हँडलिंग, कंटेनर रिकामा करणं, सीएफएसचं हाताळणीचं भाडं, अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये जमवणाऱ्या कन्सॉलिडेटरचे इतर आकार, आणि यातले बरेचसे प्रति सीबीएम. विक्रेत्याने सीआयएफ दर दिला, तर कन्सॉलिडेटर तोच निवडतो आणि इकडच्या आकारांवर तुमचा काहीच ताबा राहत नाही. शक्य असेल तर एफओबीने घ्या आणि फॉरवर्डर स्वतः ठरवा. सीआयएफने घ्यावंच लागलं, तर ऑर्डरपूर्वी न्हावा शेवाच्या आकारांचा तक्ता, प्रति सीबीएम दरासह, लेखी मागा. जो देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिलावरचे सीबीएम पॅकिंग लिस्टशी ताडून पाहा. फ्लोटच्या १०० नगांच्या ४० पेट्या, प्रत्येकी ०.१५ सीबीएम, म्हणजे ६. बिलात ६.६ दिसले, तर पेट्या फुगलेल्या आहेत किंवा मोजणी चुकली आहे. माल सीएफएसमध्ये असतानाच पेट्या मोजून घ्यायला एजंटला सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.

आपल्या खेपेत जीएसटी वगळून बंदरातले प्रति सीबीएम आकार ३६,००० रुपये झाले. डिलिव्हरी ऑर्डर आणि कागदपत्रांचे ६,०००, क्लिअरिंग एजंटचे १४,०००, बँकेचे आकार २,८८०. न्हावा शेवाहून मिरकरवाड्यापर्यंत ट्रक आणि हमाली २४,०००. समुद्री भाडं बँकेच्या दराने २८,४८० आणि विमा ७,१२०.

चौथी पायरी: वाटणी

आता प्रत्येक बिल हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा कशामुळे वाढला असता? पेट्या जास्त असत्या तर समुद्री भाडं आणि बंदरातले आकार वाढले असते, म्हणून ते सीबीएमने वाटायचे. विमा मालाच्या किमतीवर ठरतो, म्हणून तो किमतीने.

ट्रकच्या बाबतीत जरा थांबून विचार करावा लागतो. आठ सीबीएम आणि दोन टन मालात ट्रकची जागा आधी भरली, वजनाची मर्यादा नव्हे. म्हणून इथे ट्रकही सीबीएमने. याच दुकानदाराने पुढच्या खेपेला नांगर आणि साखळ्या आणल्या आणि वाहतूकदाराने टनाने भाडं लावलं, तर वाटणी वजनाने होईल. समुद्री भाड्यातही एक टन आणि एक सीबीएम यांतलं जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. जड मालाची खेप असेल तर तिथेही माप बदलतं. मात्र मिश्र खेपेत आकारणी ज्या मापाने झाली, त्याच मापाने सगळ्या वस्तूंवर वाटा. एका वस्तूला वजन आणि दुसरीला सीबीएम असं केलं, की बेरीज बिलाशी जुळत नाही.

एजंटची फी, डिलिव्हरी ऑर्डर आणि बँकेचे आकार खेपेमागे ठरलेले असतात. त्यांचं कुठलंच नैसर्गिक माप नाही. ते किमतीने वाटले तरी चालतात, फक्त दर खेपेला तीच रीत ठेवा. रक्कम लहान असल्याने निकालात फार फरक पडत नाही.

म्हणजे सीबीएमच्या गटात २८,४८० अधिक ३६,००० अधिक २४,०००, एकूण ८८,४८० रुपये. भागिले ८, म्हणजे प्रति सीबीएम ११,०६० रुपये. किमतीच्या गटात विमा, डिलिव्हरी ऑर्डर, एजंट आणि बँक मिळून ३०,००० रुपये. भागिले १२,००० डॉलर, म्हणजे डॉलरमागे अडीच रुपये.

| | फ्लोट | शॅकल | पंप |
|---|---|---|---|
| माल (८९ ने) | २,१३,६०० | ३,२०,४०० | ५,३४,००० |
| ड्युटी | २४,५५२ | ५५,२४२ | ४६,०३५ |
| सीबीएमचा गट | ६६,३६० | ८,८४८ | १३,२७२ |
| किमतीचा गट | ६,००० | ९,००० | १५,००० |
| एकूण | ३,१०,५१२ | ३,९३,४९० | ६,०८,३०७ |
| नगामागे | ७७.६३ | १९६.७५ | ३,०४१.५४ |

तिन्ही एकूण रकमांची बेरीज १३,१२,३०९ येते. माल, ड्युटी आणि दोन्ही गट यांची बेरीजही तीच यायला हवी. जुळली नाही, तर पुढे जाऊ नका.

एक्सेलमध्ये वस्तूचे डॉलर `B` मध्ये, ड्युटी `C` मध्ये, सीबीएम `D` मध्ये आणि नग `E` मध्ये ठेवा. `H1` मध्ये बँकेचा दर, `H2` मध्ये प्रति सीबीएम खर्च, `H3` मध्ये डॉलरमागचा खर्च.

```
=(B2*$H$1+C2+D2*$H$2+B2*$H$3)/E2
```

हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीखर्च वाटायला बहुधा नग किंवा किंमत एवढेच पर्याय मिळतात. नगांचा पर्याय इथे सर्वात घातक आहे, कारण ४,००० फ्लोट आणि २०० पंप यांच्यात नगांनी वाटणी केली तर पंपाला भाडं जवळपास लागतच नाही. म्हणून वाटणी शीटमध्ये करून वस्तूवार रकमा हाताने भराव्यात.

सरसकट टक्क्यांनी काय झालं असतं

हीच खेप जुन्या पद्धतीने मांडू. एकूण खर्च २,४४,३०९, मालाच्या किमतीवर २२.९ टक्के. त्या हिशोबाने फ्लोट ६५.६२ ला पडतो, शॅकल १९६.८५ ला आणि पंप ३,२८०.७७ ला.

आता समजा मिरकरवाड्यात फ्लोटचा बाजारभाव ७५ रुपये आहे. दुकानदाराला वाटतं नगामागे ९ रुपये सुटतात, ४,००० नगांवर साडेसदतीस हजार. प्रत्यक्षात प्रत्येक फ्लोटमागे २ रुपये ६३ पैसे जातात, म्हणजे सगळे विकले तर १०,५१२ रुपयांचा तोटा. फ्लोट हातोहात खपतात म्हणून पुढच्या वेळी तो ८,००० मागवतो. पंप त्याच्या वहीत २३९ रुपयांनी महाग दिसतो. गिऱ्हाईक ३,३०० ला मागतं, तो परत पाठवतो, आणि खरं तर त्या भावाला त्याला अडीचशे रुपये सुटणार होते.

शॅकलची किंमत दोन्ही पद्धतींत जवळपास सारखीच आली. पडताळणीसाठी एकच वस्तू तपासली आणि ती नेमकी शॅकल निघाली, तर पद्धत बरोबर आहे असा भ्रम होईल. तपासायची असेल तर खेपेतली सर्वात हलकी-फुगीर आणि सर्वात महाग, अशा दोन्ही वस्तू तपासा. फ्लोटची लँडेड कॉस्ट नुसत्या मालाच्या किमतीच्या १.४५ पट आहे, पंपाची १.१४ पट. हे गुणक वस्तूवार लिहून ठेवले, की पुढच्या ऑर्डरच्या वेळी विक्रेत्याच्या दरावरून लगेच अंदाज येतो. सगळ्या दुकानासाठी एकच गुणक ठेवू नका.

यावरून फ्लोटचं काय करायचं तेही दिसतं. त्याला जागा महाग पडते, पण दरातही वाचवता येतं. विक्रेत्याशी पाच सेंटची घासाघीस केली, तर ड्युटी धरून नगामागे पाच रुपयांच्या आसपास वाचतील. पेट्यांची मांडणी बदलून सहा सीबीएमचे पाच झाले, तर खेपेचा खर्च अकरा हजारांनी कमी होईल, नगामागे पावणेतीन रुपयांनी. दोन्ही जमलं, तर ७५ च्या बाजारात फ्लोट नफ्यात येतो. काहीच नाही जमलं, तर तो मुंबईहून घ्यावा आणि परदेशातून फक्त शॅकल व पंप आणावेत.

काय बाहेर ठेवायचं

माल अडकला म्हणून लागलेलं डेमरेज, ड्युटी उशिरा भरल्याचं व्याज आणि बिल ऑफ एंट्री उशिरा दाखल केल्याचा आकार लँडेड कॉस्टमध्ये घालू नका. हा आकार पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये असतो, त्यामुळे रक्कम लहान नसते. ती फ्लोटवर टाकली, तर फ्लोट महाग झाला असं दिसतं, पण खरं कारण कागद उशिरा आले हे असतं. त्यासाठी वेगळं खातं ठेवा. वर्षाअखेरीस त्या खात्यातली बेरीज पाहिली, की एजंट बदलायचा का ते कळतं. माल दुकानात आल्यावरचं गोदामभाडं आणि विक्रीचा खर्चही बाहेरच.

फुटतुटीचं वेगळं आहे. ४,००० फ्लोटमध्ये दर खेपेला शंभरेक तडकलेले निघत असतील, तर ती नेहमीची घट समजा आणि ३,१०,५१२ ला ३,९०० ने भागा. नगामागे ७९.६२ येतात. पण ट्रक घाटात कलंडून हजार फुटले, तर ते नुकसान म्हणून वेगळं लिहा आणि विम्याकडे जा. उरलेल्या फ्लोटवर ते चढवलं, तर भाव बाजाराच्या बाहेर जाईल.

बिलं उशिरा आली तर

प्रत्यक्षात ट्रक आधी येतो आणि एजंटचं बिल नंतर. तोवर विक्री थांबवता येत नाही. ज्या बिलांचे आकडे आले नाहीत त्यांचा अंदाज, तक्त्यातल्या दरांवरून, पहिल्याच दिवशी धरा आणि त्यावर लँडेड कॉस्ट काढून माल स्टॉकमध्ये घ्या. ती जागा रिकामी सोडली, तर पहिल्या आठवड्यात विकलेला माल स्वस्तात जातो आणि तो पहिला आठवडाच सर्वात जोराचा असतो.

खरं बिल आलं, की फरक त्याच मापाने वाटा. समजा बंदरातले आकार ३६,००० धरले होते आणि आले ४०,०००. चार हजारांपैकी फ्लोटवर ७५ टक्के, म्हणजे ३,००० रुपये. तोपर्यंत निम्मे फ्लोट विकले गेले असतील, तर १,५०० विकलेल्या मालाच्या खर्चात आणि १,५०० उरलेल्या २,००० फ्लोटवर, नगामागे ७५ पैसे. सगळे ३,००० उरलेल्या मालावर टाकू नका, नाहीतर तोच फ्लोट एकाच खेपेत दोन किमतींचा होतो आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला भाव सांगताना वही उघडून काही उपयोग होत नाही.